तिकीट ते लेख : सीएसव्ही फाइलमधल्या बिघडलेल्या मराठी नावांच्या नोंदी

८ जुलै

सकाळी शिष्यवृत्ती विभागातून मॅडमचा फोन आला. "सर, फॉन्ट उडालाय. पोर्टलवरून यादी काढली, सगळी नावं चिनी दिसतायत." खाली जाऊन पाहिलं. विद्यार्थ्यांच्या यादीची सीएसव्ही फाइल त्यांनी डबल क्लिक करून Excel मध्ये उघडली होती आणि नावाच्या रकान्यात हे दिसत होतं:

```
à¤°à¤¾à¤®
```

हे 'राम' आहे. पोर्टल फाइल यूटीएफ-८ मध्ये देतं, त्यात प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटांचं असतं. 'र' म्हणजे E0 A4 B0. Excel ला फाइल यूटीएफ-८ आहे हे कळलं नाही, म्हणून त्यानं प्रत्येक बाइट एक स्वतंत्र इंग्रजी अक्षर समजून दाखवला: à, ¤, °. नागरीतली बहुतेक अक्षरं E0 A4 नं सुरू होतात, त्यामुळे सगळ्या रकान्यात à¤ à¤ à¤ असं दिसतं. फाइल धडधाकट होती, उघडताना चूक झाली होती.

फाइल Notepad मध्ये उघडली, मराठी स्वच्छ दिसलं. Save As मध्ये Encoding ला UTF-8 with BOM निवडून सेव्ह केली आणि पुन्हा डबल क्लिक केलं. नावं आली. पाच-सहा मिनिटांचं काम. मॅडम खूश, तक्रारीचं तिकीट बंद.

बंद करताना शेऱ्यात "एन्कोडिंग. सोडवलं." एवढंच लिहिलं. शेजारच्या टेबलावरून आमचे वरिष्ठ म्हणाले, "हे गेल्या जुलैतही झालं होतं ना?" झालं होतं. मीच सोडवलं होतं, आणि तेव्हा काय केलं होतं ते मला आठवत नव्हतं. Notepad चा उपाय आज मी नव्यानं शोधला. आमच्या आयटी कक्षात तीन माणसं आणि सांभाळायची सात महाविद्यालयं. या एका प्रश्नाचा लेख करायचा असं ठरवलं, त्याच्या या नोंदी.

९ जुलै

जुनी तिकिटं शोधायला बसलो. "एन्कोडिंग" शोधलं तर एकच तिकीट सापडलं, माझं कालचं. "UTF" शोधल्यावर काहीच नाही. मग ज्यांनी तक्रार केली त्यांच्या शब्दांनी शोधलं: "फॉन्ट", "font", "मराठी दिसत नाही", "marathi disat nahi", "चिन्हं येतात". दोन वर्षांतली अकरा तिकिटं निघाली. एकाही तक्रारीत एन्कोडिंग हा शब्द नव्हता. तो आमचा शब्द आहे, आणि उत्तर सापडल्यानंतरचा आहे. ज्याला प्रश्न पडलाय त्याच्याकडे तो नसतो.

बंद करतानाचे शेरे सगळे एका ओळीचे. "रिमोटवर केलं." "Done." "मंगल फॉन्ट टाकला." शेवटच्या शेऱ्यावर बराच वेळ थांबलो, कारण à¤ दिसत असताना फॉन्ट टाकून काहीही होत नाही. स्क्रीनवर ती इंग्रजी अक्षरंच असतात आणि ती दाखवायला कुठलाही फॉन्ट चालतो. तिकिटाला जोडलेलं चित्र उघडल्यावर उलगडा झाला. तिथे à¤ नव्हतं, चौकोन होते. म्हणजे तो आजारच वेगळा होता. दोन्हीकडची तक्रार मात्र सारखीच: "फॉन्ट उडाला".

म्हणजे लेखाची सुरुवात उपायानं करून चालणार नाही. वाचणाऱ्याला आधी आपला आजार ओळखता यायला हवा, आणि तो स्क्रीनवर जे दिसतं त्यावरून.

१० जुलै

आज वाईट वाटलं. मॅडम स्वतः वर आल्या. परवाची यादी आणि विद्यार्थ्यांच्या पासबुकांच्या झेरॉक्स घेऊन. ज्यांचे खाते क्रमांक सोळा अंकी आहेत, त्या सगळ्यांचा शेवटचा अंक यादीत शून्य होता. बँकेला यादी पाठवण्याआधी त्यांनी दहा नावं हातानं पडताळली म्हणून हे लक्षात आलं.

दोष माझ्या उपायाचा होता. Notepad च्या युक्तीनं नावं सुधारतात, पण फाइल शेवटी डबल क्लिक करूनच उघडायची असते, आणि तसं उघडलं की Excel अंकांच्या रकान्याला संख्या समजतं. संख्येचे पंधराच अंक ते धरून ठेवतं, पुढच्या जागी शून्य घालतं. बनावट आकड्यावर करून पाहिलं:

```
फाइलमध्ये    : 4021000100123457
पेशीत दिसतं  : 4.021E+15
Excel धरतं   : 4021000100123450
```

रकान्याचा फॉरमॅट नंतर Text केला तरी गेलेला ७ परत येत नाही. ज्यांचा क्रमांक शून्यानं सुरू होतो त्यांचं पुढचं शून्यही जातं. त्यात ही फाइल सीएसव्ही म्हणूनच सेव्ह केली की पेशीत जे दिसतं तेच, म्हणजे 4.021E+15, फाइलमध्ये लिहिलं जातं आणि उरलेले पंधरा अंकही हाताला लागत नाहीत. आधार क्रमांक बारा अंकीच असतो, त्याचंही असंच होतं.

मॅडमना पोर्टलवरून ताजी यादी काढून दिली आणि यावेळी योग्य रीतीनं उघडून दिली. परवाचं बंद तिकीट पुन्हा उघडलं. त्याच दिवशी लेख लिहिला असता तर ही चूक सातही महाविद्यालयांत पोचली असती. तक्रार करणाऱ्यानं "झालं" म्हटलं एवढ्यावर तिकीट बंद होतं. लेख लिहायला तेवढं पुरत नाही, त्या फाइलचं पुढे काय होणार हे विचारावं लागतं. या यादीतून पैसे जाणार होते.

१२ जुलै

पहिला मसुदा. साचा केसीएसचा घेतला. केसीएस ही ज्ञान-केंद्रित सेवेची पद्धत १९९२ पासून कन्सॉर्शियम फॉर सर्व्हिस इनोव्हेशन या संस्थेच्या सदस्य कंपन्यांनी मिळून घडवत आणली. तिच्यात लेखाचे चार भाग असतात: प्रश्न, परिस्थिती, उपाय, कारण. प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहायचा, यावर तिथे फार भर आहे. मंगळवारच्या शोधानंतर तो भर का, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

माझं पहिलं शीर्षक होतं "सीएसव्ही आयातीतील यूटीएफ-८ एन्कोडिंग समस्या". खोडलं. आता आहे: "Excel मध्ये मराठी नावं à¤ अशी किंवा प्रश्नचिन्हं, चौकोन दिसतात". त्याखाली शोधशब्दांची एक ओळ, त्यात अकरा तिकिटांतले शब्द जसेच्या तसे, रोमनमधले चुकीच्या स्पेलिंगचेसुद्धा. लोक जसं टाइप करतात तसंच शोधतात.

प्रश्नाच्या भागात चार खुणा:

à¤°à¤¾à¤® असं दिसत असेल, तर फाइल चांगली आहे, उघडण्यात चूक झालीय. पुढचा उपाय करा.

???? असं दिसत असेल, तर अक्षरं गेली. या फाइलवर काहीही करून ती परत येणार नाहीत. फाइल नव्यानं काढा.

रिकामे चौकोन दिसत असतील, तर संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही. आयटी कक्षाला फोन करा.

jke अशी सुटी इंग्रजी अक्षरं दिसत असतील, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे आणि युनिकोड नाही. त्याचा वेगळा लेख होईल.

दुसरी खूण मुद्दाम ठळक केली, कारण ती लोक स्वतःच्या हातानं ओढवून घेतात. नावं नीट उघडल्यावर Save As मध्ये साधं CSV (Comma delimited) निवडलं की Excel संगणकाच्या जुन्या कोडपेजमध्ये लिहितं. त्यात देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं. म्हणजे à¤ पेक्षा नीट दिसणारी फाइलच जास्त धोक्यात असते.

उपायाच्या भागात आता एकच मार्ग ठेवला आहे. डबल क्लिक नको. कोरं Excel उघडा, Data, मग From Text/CSV, फाइल निवडा. वर येणाऱ्या File Origin मध्ये 65001: Unicode (UTF-8) आणि Data Type Detection मध्ये Do not detect data types. मग Load. Notepad ची युक्ती लेखात घातलीच नाही. ती सोपी आहे, आणि दोन मार्ग दिले की माणूस सोपा धरतो. इथे सोप्या मार्गात खाते क्रमांक बिघडतात.

कारण शेवटी, चार ओळींत. ज्याला वाचायचं असेल तो वाचेल.

चित्रांचं एक राहिलं होतं. पहिल्या चित्रात मॅडमच्याच यादीतली खरी नावं आणि खाते क्रमांक होते. ते चित्र काढून टाकलं. पाच बनावट ओळींची नमुना फाइल केली, त्यात एक क्रमांक शून्यानं सुरू होणारा आणि एक सोळा अंकी. ती फाइल लेखाला जोडली. आता चित्रंही तिचीच आहेत, आणि कुणालाही तीवर आधी हात साफ करता येईल.

१५ जुलै

ग्रंथालयातल्या एका ताईंना विनंती केली की लेख समोर ठेवून नमुना फाइल उघडा, मी मागे बसतो आणि बोलणार नाही. वीस मिनिटं लागली. मला वाटलं होतं पाच लागतील.

पहिली अडचण तिसऱ्याच पायरीला आली. From Text/CSV दाबल्यावर त्यांची फाइल दिसेना, कारण त्या चुकीच्या फोल्डरमध्ये होत्या. पोर्टलची फाइल Downloads मध्ये उतरते हे मी लिहिलंच नव्हतं. मला ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

दुसरी मोठी होती. File Origin बदलल्याबरोबर खालच्या पूर्वदृश्यात मराठी उमटलं आणि त्यांनी आनंदानं लगेच Load दाबलं. Data Type Detection ची पायरी राहिली. यात त्यांची काहीच चूक नाही. डोळ्यांसमोर काम झालेलं दिसलं की माणूस पुढची पायरी वाचत नाही. दोन्ही पायऱ्यांची जागा बदलली: आधी Do not detect data types, मग 65001. आता मराठी दिसायच्या आधीच क्रमांक सुरक्षित झालेले असतात.

तिसरी गोष्ट मलाही नवी होती. प्रकार ओळखू नको म्हटलं की Excel पहिली ओळ शीर्षक म्हणून घेत नाही. वर Column1, Column2 असं येतं आणि खरी शीर्षकं खालच्या ओळीत जातात. ताई म्हणाल्या, "हे माझ्याकडून बिघडलं का?" लेखात वाक्य घातलं: "वर Column1, Column2 दिसेल. ते बरोबर आहे." त्यापुढे, ती ओळ सोडून खालचा सगळा भाग निवडून नव्या शीटवर Paste Values करा. क्रमांक मजकूर म्हणूनच उतरतात, तपासून पाहिलं.

संध्याकाळी लेखाची स्थिती "मसुदा" वरून "तपासलेला" केली. परिस्थितीच्या भागात आवृत्त्या नोंदवल्या. दोन महाविद्यालयांत अजून Excel 2013 आहे, तिथे From Text नावाचा जुना तीन पायऱ्यांचा विझार्ड येतो. पहिल्या पायरीला 65001, तिसऱ्या पायरीला खाते क्रमांकाचा रकाना निवडून Text. त्याचा वेगळा तुकडा लेखाच्या तळाशी ठेवला.

२२ जुलै

आठवड्यात चार फोन आले, चौघांनाही लेखाचा दुवा पाठवला. तिघांचं काम परत फोन न येता झालं. पाठवताना प्रत्येक वेळी लेख स्वतः उघडून वाचतो आणि खटकलं ते तिथेच दुरुस्त करतो. वेगळी आढावा बैठक कोण घेणार? वापरतानाच आढावा होतो.

चौथे परीक्षा विभागाचे सर. यादी उघडली, बैठक क्रमांक भरले, आता ती परीक्षेच्या पोर्टलवर चढवायची होती. लेखात लिहिल्याप्रमाणे त्यांनी CSV UTF-8 (Comma delimited) म्हणून सेव्ह केली. पोर्टल म्हणालं, पहिला रकाना सापडत नाही. फाइलमध्ये तो डोळ्यांना दिसत होता.

अर्ध्या तासानं सापडलं. CSV UTF-8 म्हणून सेव्ह करताना Excel फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट ठेवतं: EF BB BF. हेच ते बीओएम, ज्यामुळे पुढच्या वेळी Excel ला फाइल यूटीएफ-८ आहे हे कळतं. परीक्षेचं पोर्टल मात्र ते पहिल्या शीर्षकाचाच भाग समजतं, आणि मग शीर्षक जुळत नाही. Notepad मध्ये उघडून Save As मध्ये with BOM नसलेलं नुसतं UTF-8 निवडलं, फाइल चढली.

लेखात "परत चढवायची असेल तर" असा भाग जोडला. त्यातच एक ताकीद: चढवण्याआधी फाइल तपासायला पुन्हा डबल क्लिक करून Excel मध्ये उघडू नका, Notepad मध्ये बघा. सरांनी तेच केलं होतं. बरोबर फाइल उघडून पाहिली, 4.021E+15 दिसलं, घाबरून सेव्ह केली आणि तेव्हा ती खरोखर बिघडली.

५ ऑगस्ट

लेख किती वेळा उघडला गेला ते पाहिलं. सर्वात जास्त उघडला जाणारा लेख हाच. याचा आनंद झाला आणि लगेच प्रश्नही पडला: इतक्या लोकांना डबल क्लिक करू नका असं सांगायची वेळ का येते? यादी आमच्याच पोर्टलमधून निघते. तिथेच बीओएम घातलं तर निदान नावं तरी आपोआप नीट दिसतील.

पोर्टल सांभाळणाऱ्या विकासकाला लेख, त्याखालची तिकिटं आणि ग्रंथालयातल्या ताईंची वीस मिनिटं असं सगळं दाखवलं. आधी त्यानं "वापरणाऱ्यांना शिकवा" म्हटलं होतं. अकरा तिकिटं एकाखाली एक पाहिल्यावर त्यानं दुपारीच बदल केला. बदल एका ओळीचा:

```php
$out = fopen('php://output', 'w');
fwrite($out, "\xEF\xBB\xBF");
```

२२ तारखेचं आठवून मी विचारलं, ही यादी दुसरा कुठला प्रोग्राम वाचतो का? ग्रंथालयाची प्रणाली रोज रात्री वाचते. तिला पहिल्या शीर्षकाआधी हे तीन बाइट आले असते तर सकाळी एकाही नव्या विद्यार्थ्याला पुस्तक मिळालं नसतं. विकासकानं माणसांसाठीचा आणि यंत्रासाठीचा निर्यात दुवा वेगळा केला. यंत्राच्या दुव्यात बीओएम नाही.

१९ ऑगस्ट

पोर्टलच्या नव्या याद्यांत नावं डबल क्लिकनंही नीट येतात. लेख निवृत्त करायचा का यावर वरिष्ठांशी बोललो. नाही केला, पण दोन केले. बीओएम नावं वाचवतं, क्रमांक वाचवत नाही. उलट आता नावं नीट दिसतात म्हणून कुणाला संशयही येणार नाही, आणि सोळावा अंक गुपचूप शून्य होईल. आधी à¤ दिसलं की लोक थांबत तरी होते.

म्हणून क्रमांकांचा लेख वेगळा केला, शीर्षक: "Excel मध्ये खाते क्रमांक E+15 असा दिसतो किंवा शेवटी शून्य येतं". उपाय तोच, From Text/CSV. नावांच्या लेखात वर सूचना टाकली की ५ ऑगस्टनंतरच्या याद्यांना याची गरज नाही, जुन्या आणि बाहेरून आलेल्या फाइलींसाठी वाचा. दोन्ही लेख एकमेकांना जोडले. प्रत्येक लेखाखाली जबाबदार व्यक्ती आणि पुढच्या पाहणीचा महिना लिहिला: जून, म्हणजे प्रवेशांच्या आधी. निर्यात पानावर डाउनलोड बटणाशेजारी क्रमांकांच्या लेखाचा दुवा ठेवायला विकासकानं होकार दिला. शोधायला कोण जाणार, यादी काढतानाच समोर आलेलं बरं.

३ सप्टेंबर

दुसऱ्या महाविद्यालयातून एका दादांचा फोन आला. लेख समोर ठेवूनच बोलत होते. "सर, माझी दुसरी खूण आहे, प्रश्नचिन्हं. अक्षरं गेली ते कळलं. फाइल नव्यानं काढा लिहिलंय, पण ही यादी मला मार्चमध्ये मेलवर आली होती. काढू कुठून?"

लेखात याचं उत्तर नव्हतं. माझ्या डोक्यात यादी म्हणजे पोर्टलची यादी होती. त्यांच्या मेलपेटीतला मूळ संदेश शोधून काढला. जोडलेली फाइल तिथे जशीच्या तशी होती, प्रश्नचिन्हं फक्त त्यांनी उतरवून सेव्ह केलेल्या प्रतीत होती. फोन चालू असतानाच दुसऱ्या खुणेखाली ओळ घातली: "पोर्टलची यादी असेल तर निर्यात पानावरून पुन्हा काढा. मेलवर आलेली असेल तर मूळ मेल उघडून जोडलेली फाइल पुन्हा उतरवा, सेव्ह केलेली प्रत वापरू नका." त्यांना पान ताजं करायला सांगितलं आणि ओळ वाचून घेतली. "उतरवा म्हणजे डाउनलोड ना?" त्यांनी विचारलं. दोन्ही जागी "डाउनलोड करा" असं केलं.